तारीख उलटली, कुत्री व्यायली नाही: घरी काय तपासावे आणि डॉक्टरांना कधी बोलवावे

डिचोली तालुक्यातील आमच्या वाड्यावर गाभण कुत्रीची चौकशी करायला लोक माझ्याकडे येतात. मी पशुवैद्य नाही. घरी वर्षानुवर्षे कुत्री आहेत आणि शेजारपाजारच्या अनेक बाळंतपणांना मी हजर राहिलो आहे, एवढीच माझी पात्रता. मात्र लोकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे "थांबली आहे." या एका तक्रारीखाली तीन वेगवेगळ्या परिस्थिती असतात आणि त्या एकमेकींपासून ओळखता आल्या की पुढचा निर्णय पुष्कळ सोपा होतो.

लक्षणे

पहिल्या परिस्थितीत घरच्यांनी मोजलेली तारीख उलटलेली असते, पोट खाली उतरलेले असते, सडांत दूधही असते, पण कुत्री नेहमीसारखी खाते, फिरते आणि झोपते. दुसऱ्या परिस्थितीत ती रात्रीपासून धापा टाकते, थरथरते, खाटेखाली जाऊन फरशी खरवडते, अन्नाला तोंड लावत नाही आणि कधी कधी ओकते, पण पोटाला जोर लावताना दिसत नाही. तिसऱ्या परिस्थितीत तिने जोर लावायला सुरुवात केलेली असते, किंवा एकदोन पिल्ले झालेलीही असतात, आणि मग सारे खोळंबते.

पहिल्या परिस्थितीत चूक बहुधा दिनदर्शिकेची असते. दुसरी बहुतेक वेळा नैसर्गिक असते, मात्र तिला वेळेची मर्यादा आहे. तिसरीत पिल्लांचा जीव मिनिटांवर अवलंबून असतो. एकही पिल्लू बाहेर आले नसताना हिरवा किंवा काळपट स्राव दिसणे, अर्धा तास सलग जोर लावूनही पिल्लू न येणे, अर्धे बाहेर आलेले पिल्लू अडकून राहणे, लालभडक रक्त वाहत राहणे, अंग ताठ होऊन झटके येणे किंवा कुत्रीने मान टाकणे, यांपैकी काहीही आत्ता दिसत असेल तर पुढचे वाचत न बसता आधी डॉक्टरांना फोन करावा.

पहिली तपासणी: दिवस नीट मोजले आहेत का?

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मी काळजी तिच्यातच मिटते. कुत्रीचा गर्भकाळ 63 दिवसांचा असे सगळे सांगतात, पण ते दिवस बीज सुटल्यापासूनचे आहेत, नर लागल्यापासूनचे नाहीत. माजावर आलेली कुत्री कित्येक दिवस नराला जवळ येऊ देते, नराचे बीज तिच्या शरीरात काही दिवस जिवंत राहते आणि तिचे स्वतःचे बीज सुटल्यानंतरही पक्व व्हायला आणखी दोनएक दिवस घेते. त्यामुळे नर लागल्याच्या दिवसापासून मोजले तर 58व्या दिवशी व्यायलेली कुत्रीही निरोगी असू शकते आणि 70व्या दिवशी व्यायलेलीही.

म्हणून एका तारखेवर बोट ठेवून बसू नये. समजा नर 4 जूनला आणि पुन्हा 8 जूनला लागला. 63 दिवसांच्या हिशेबाने एक तारीख 6 ऑगस्ट निघते आणि दुसरी 10 ऑगस्ट. कुत्री 7 ऑगस्टला मजेत हिंडत असेल तर तारीख उलटलेली नाही. फक्त पहिली तारीख उलटली आहे. मात्र शेवटच्या वेळेपासून 70 दिवस, म्हणजे या उदाहरणात 17 ऑगस्ट, भरले की कुत्री कितीही ठीक दिसली तरी तिला दाखवून यावे. उलट बाजूने, 57व्या दिवसाच्या आतच वेणांची चिन्हे दिसू लागली तर पिल्ले अपुऱ्या दिवसांची असण्याची शक्यता असते. तेव्हाही वाट पाहू नये.

गोव्यात आणखी एक अडचण नेहमीची आहे. पुष्कळ घरांतली कुत्री दारात येऊन राहिलेली असते आणि आपल्या लक्षात येते तेव्हा तिचे पोट दिसू लागलेले असते. तारीख सांगणार कोण? अशा वेळी एक्स-रे उपयोगी पडतो. पिल्लांची हाडे साधारण 45व्या दिवसानंतर एक्स-रेत दिसू लागतात आणि शेवटच्या आठवड्यात कवट्या व कणे मोजून पिल्लांची संख्या सांगता येते. सोनोग्राफी त्याआधीच गर्भ दाखवते आणि पिल्ले जिवंत आहेत का हे सांगते, पण तिच्यावरून संख्या भरवशाने मिळत नाही. माझ्या मते गाभण कुत्रीवर करायचा सर्वांत मोलाचा खर्च शेवटच्या आठवड्यातला हा एक एक्स-रे आहे, कारण आत किती पिल्ले आहेत हे ठाऊक नसेल तर व्यायचे संपले की थांबले, हे रात्री दोन वाजता कोणालाच ठरवता येत नाही.

दुसरी तपासणी: तापमान

औषधाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा आणि तो कुत्रीसाठीच वेगळा ठेवावा. टोकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात साधारण इंचभर सरकवून धरावा. तारखांतली सर्वांत आधीची तारीख घेऊन तिच्या आठवडाभर आधीपासून सकाळ, दुपार आणि रात्र असे तीनदा मोजून वहीत वेळेसह लिहावे. निरोगी कुत्रीचे तापमान साधारण 100.5 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते; शेवटच्या दिवसांत ते थोडे खालीच राहते. व्यायच्या आधी 8 ते 24 तास ते 99 अंशांच्या खाली घसरते. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्या वेळी रक्तातून झपाट्याने कमी होते आणि त्याबरोबर तापमानही उतरते. म्हणूनच ही घसरण पोटाच्या आकारापेक्षा किंवा दुधापेक्षा अधिक विश्वासाची आहे. दुधाचे तर काहीच खरे नसते. अनुभवी कुत्रीला ते आठवडाभर आधी उतरते आणि पहिल्या वेताच्या कुत्रीला कधी कधी व्यायच्या दिवशीच.

येथे दोन गोष्टी फसवतात. घसरण काही तासच टिकते आणि तापमान पुन्हा वर चढते, त्यामुळे दिवसातून एकदाच मोजणाऱ्याला ती सापडतच नाही. दुसरे म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारी धापा टाकणाऱ्या कुत्रीचे तापमान तसेही थोडे चढलेले असते. म्हणून तिला थंड फरशीवर अर्धा तास स्वस्थ पडू द्यावे आणि मग मोजावे. घसरण सापडली की ती वेळ ठळक लिहून ठेवावी. त्या वेळेपासून 24 तासांत जोर लावणे सुरू झाले नाही, तर कुत्री कितीही शांत असली तरी डॉक्टरांना कळवावे. तापमान घसरण्याऐवजी 103 च्या वर गेले असेल तर तो ताप आहे, वेणा नव्हेत, आणि तोही घरी सोडवण्याचा प्रश्न नाही.

तिसरी तपासणी: जागा आणि अंथरूण

जोर लावण्याआधीचा अस्वस्थतेचा टप्पा साधारण 6 ते 12 तास चालतो आणि पहिल्या वेतात तो 24 तासांपर्यंतही लांबतो. या काळात गर्भाशयाचे तोंड उघडत असते आणि आतले आकुंचन बाहेरून दिसत नाही. ही प्रक्रिया भीतीने खरोखरच मंदावते. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेले, अंगणात फटाके वाजत असलेले आणि कुत्रीची पेटी पडवीतून उचलून मागच्या खोलीत हलवलेली, अशा घरांतून मला सर्वाधिक निरोप आले आहेत. म्हणून व्यायची जागा किमान दोन आठवडे आधी ठरवून तिला तेथे झोपायची सवय लावावी. त्या दिवशी मुलांना दूर ठेवावे, अंधारी शांतता करावी आणि तिच्या ओळखीच्या एकाच माणसाने जवळ बसावे. पावसाळ्यात वीज जाणार हे गृहीत धरून चार्ज केलेला टॉर्च हाताशी असावा.

अंथरूण पांढरेच घालावे; जुने धोतर किंवा चादर चालते. आपल्या जुन्या घरांतल्या तांबड्या जमिनीवर आणि रंगीत गोधडीवर स्रावाचा रंग कळत नाही, आणि येथे सारे काही रंगावरच ठरते. पारदर्शक किंवा पांढुरका चिकट स्राव ठीक आहे. हिरवट-काळा रंग वारेच्या कडांमधून येतो, म्हणजे एखादी वार गर्भाशयापासून सुटू लागली आहे आणि त्या पिल्लाचा प्राणवायू कमी होतो आहे. पहिले पिल्लू झाल्यानंतर तोच हिरवा स्राव स्वाभाविक असतो, कारण त्या पिल्लाची वार सुटलेलीच असते. पहिल्या पिल्लाआधी मात्र तो दिसला की घरच्या तपासण्या तेथेच संपतात.

चौथी तपासणी: घड्याळ

जोर लावणे आणि थरथरणे यांत लोक गल्लत करतात. जोर लावताना कुत्री शेपटी बाजूला घेते, पाठ कमानीसारखी होते, मागचे पाय ताणले जातात आणि शौचाला बसल्यासारखे पोट आवळते. अशी पहिली कळ दिसताच घड्याळ पाहून वेळ लिहावी. माझ्या पाहण्यात घरांमधला सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. तिघांना विचारले तर "अर्धा तास झाला", "मघापासून" आणि "पहाटेपासून" अशी तीन उत्तरे मिळतात.

सलग, जोरदार कळा सुरू असतील तर अर्ध्या तासात पिल्लू यायला हवे. कळा हलक्या आणि थांबून थांबून येत असतील तर जास्तीत जास्त दोन तास. दोन पिल्लांमध्ये आई शांतपणे पडून आधीच्या पिल्लांना पाजत असेल तर ती विश्रांती आहे, पण आत पिल्ले असल्याचे माहीत असताना ती दोन तासांहून लांबली तर फोन करावा. या मर्यादांचे कारण साधे आहे. जन्ममार्गात शिरलेल्या पिल्लाची वार सैल होत असते आणि त्याला स्वतःचा श्वास अजून घेता येत नसतो. दुसरीकडे, अडलेल्या पिल्लावर तासन्‌तास जोर लावणारे गर्भाशय थकते आणि मग अडथळा दूर झाला तरी आकुंचन पावत नाही.

शेपटीकडची बाजू आधी आली म्हणून घाबरू नये. मागचे दोन पाय आधी दिसत असतील तर तो कुत्र्यांमध्ये नेहमीचा प्रकार आहे. पाय आत दुमडलेले आणि नुसती शेपटी किंवा ढुंगण दिसत असेल, तर मात्र पिल्लू अडकण्याची भीती खरी असते.

हाताने करण्याजोगे, आणि तेथेच थांबणे

कळा मंदावल्या असतील तर पट्टा बांधून तिला अंगणात पाचदहा मिनिटे चालवावे. त्याने पुष्कळदा कळा परत सुरू होतात. रात्री टॉर्च सोबत न्यावा, कारण ती तेथेच बसून पिल्लू टाकू शकते. पिल्लू अर्धे बाहेर येऊन थांबले तर हात धुऊन, स्वच्छ कोरड्या कापडात त्याचे धड धरावे आणि आईची कळ आली की तिच्याबरोबरच, खाली तिच्या टाचांच्या दिशेने हलकेच ओढावे. एका पायाला, शेपटीला किंवा डोक्याला धरून ओढू नये, आणि कळ नसताना तर मुळीच नाही. दोनतीन कळांत ते सरकले नाही तर थांबून निघावे. योनीत बोटे घालून पिल्लू फिरवण्याचा प्रयत्न घरी कोणीही करू नये.

आईने पिशवी फाडली नाही तर ती आपण लगेच फाडावी, पिल्लाचे तोंड व नाक पुसावे, डोके किंचित खाली धरून मऊ टॉवेलने पाठ व छाती भरभर चोळावी. पिल्लाला पायांनी धरून झटकण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी; त्याने मेंदूला इजा होते. चोळूनही ते गार लागत असेल तर टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीजवळ ठेवावे. पावसाळी दमट रात्री ओले पिल्लू आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर गारठते.

आता इंजेक्शनाविषयी, कारण ही गोष्ट मला वारंवार थांबवावी लागते. गाईम्हशींसाठी ऑक्सिटोसिन वापरणारा कोणी ना कोणी ओळखीचा असतो आणि "एक सुई दिली की सुटेल" असे तो सांगतो. ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळते. पिल्लू आडवे असेल किंवा वाटेपेक्षा मोठे असेल, तर बंद दारावर जोर वाढवल्यासारखे होते: गर्भाशय फाटू शकते आणि आतल्या बाकी पिल्लांच्या वारा सुटतात. डॉक्टरही ते देतात, पण अडथळा नाही याची खात्री करून आणि अगदी थोड्या मात्रेत. गाभणपणात आपल्या मनाने कॅल्शियमचे औषध पाजणेही असेच उलटते; बाहेरून आयते कॅल्शियम मिळाले की हाडांतून ते काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातले कॅल्शियम एकदम कोसळते.

एक प्रसंग, वेळांसह

मये गावातल्या एका घरातली सहा किलोंची पॉमेरेनियन, पहिलेच वेत, नर एकदाच लागलेला. 62व्या दिवशी सकाळी तापमान 100.6 होते आणि संध्याकाळी सातला 98.6. रात्रभर तिने धापा टाकल्या आणि गोणपाट खरवडले. सकाळी तापमान पुन्हा 100.2 झाले, ती थोडी पेज प्यायली आणि गप्प झोपली. घरच्यांना वाटले की खोटा इशारा होता. वहीत मात्र वेळ लिहिलेली होती, त्यामुळे संध्याकाळी सात वाजता 24 तास पूर्ण होतात हे स्पष्ट होते. तोपर्यंत एकही कळ आली नाही, आणि साडेसहाच्या सुमारास चादरीवर हिरवट डाग दिसला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा आत एकच पिल्लू होते आणि त्याचे डोके मोठे होते. सोनोग्राफीत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 160 च्या आसपास पडत होते. पूर्ण दिवसांच्या निरोगी पिल्लाचे ते 200 च्या वर असतात आणि 180 च्या खाली गेले की पिल्लू संकटात आहे असे धरतात. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली आणि पिल्लू वाचले. घरच्यांना पडलेला प्रश्न असा की कळा आल्याच का नाहीत. वेणा सुरू होण्याचा संकेत बऱ्याच अंशी पिल्लांकडूनच जातो. पिल्लू एकटे असले की तो कमकुवत पडतो, गर्भाशयही पुरेसे ताणलेले नसते, आणि मोकळ्या जागेत ते पिल्लू मोठे होत राहते. याला गर्भाशयाची प्राथमिक शिथिलता म्हणतात आणि ती चालण्याने, गरम दुधाने किंवा वाट पाहण्याने सुटत नाही. शेवटच्या आठवड्यात एक्स-रे झाला असता तर एकुलते पिल्लू आधीच कळले असते आणि शस्त्रक्रियेची तयारी दिवसा करता आली असती.

बोलावताना आणि निघताना

कोणत्या दवाखान्यात एक्स-रे आहे आणि रात्री शस्त्रक्रिया कोण करते, हे तारखेच्या आधीच फोन करून विचारून ठेवावे. सरकारी दवाखान्याची वेळ, खासगी डॉक्टरांचा नंबर आणि रात्री येणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर एकाच कागदावर असावा. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागातून पणजी, म्हापसा वा मडगाव गाठायला तासाहून अधिक वेळ जातो, आणि दिवाडी-चोडणसारख्या बेटांवर राहणाऱ्यांनी रात्रीच्या फेरीबोटीची वेळ आधी पाहून ठेवावी. अशा ठिकाणी वर दिलेल्या मर्यादा पूर्ण होण्याची वाट पाहणेही परवडत नाही. निम्मा वेळ गेला की फोन करावा.

फोनवर कुत्रीचे वजन, नर लागल्याच्या तारखा, तापमान घसरल्याची वेळ, पहिल्या कळेची वेळ, झालेली पिल्ले आणि स्रावाचा रंग सांगावा. निघण्यापूर्वी तिला खायला घालू नये, कारण भूल द्यावी लागू शकते. झालेली पिल्ले गरम बाटलीसह खोक्यात घालून सोबत न्यावी.

सगळे सुखरूप झाल्यावरही दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. वारांची संख्या पिल्लांइतकी जमली नाही तर ते डॉक्टरांना सांगावे, पण आईने त्या पटकन खाल्ल्या असण्याची शक्यता असतेच. दुर्गंधीयुक्त स्राव, 103 च्या वरचा ताप किंवा पिल्लांकडे दुर्लक्ष दिसले तर मात्र त्याच दिवशी जावे. दुसरे म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या तीनचार आठवड्यांत, विशेषतः लहान जातीच्या आणि बरीच पिल्ले पाजणाऱ्या कुत्रीची चाल ताठ झाली, ती विनाकारण धापा टाकू लागली, तोंडाचे किंवा पायांचे स्नायू थरथरू लागले, तर रक्तातले कॅल्शियम कोसळले आहे असे समजावे. पिल्लांना लगेच तिच्यापासून वेगळे करावे आणि तशीच उचलून दवाखान्यात न्यावी. तेथे शिरेतून हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत कॅल्शियम दिले जाते. ते घरी देण्यासारखे नाही, आणि सकाळपर्यंत थांबण्यासारखेही नाही.